वार अकाली सुटते तेव्हा

वार, म्हणजेच अपरा, बाळाच्या जन्मानंतर गर्भाशयाच्या भिंतीपासून सुटावी हा प्रसूतीचा स्वाभाविक क्रम होय. परंतु काही गर्भवतींमध्ये ती बाळ पोटात असतानाच अंशतः किंवा पूर्णतः सुटते आणि तेथील रक्तवाहिन्या फाटून वार व भिंत यांच्यामध्ये रक्त साठू लागते. या अवस्थेला प्रसूतिकक्षात ‘अ‍ॅब्रप्शन’ म्हणतात. वाढलेला रक्तदाब, पोटावर बसलेला मार, धूम्रपान किंवा आधीच्या बाळंतपणात घडलेला हाच प्रकार यांमुळे तिचा धोका वाढतो. मात्र अनेकदा कोणतेही कारण सापडत नाही.

आठव्या महिन्यात, रक्तदाब वाढलेला असताना, एखाद्या स्त्रीच्या पोटात एकाएकी दुखू लागते आणि अंगावरून थोडे काळसर रक्त जाते, तेव्हा घरातील मंडळींना कळा सुरू झाल्या असे वाटणे स्वाभाविक आहे. पण कळ ओसरली की पोट पुन्हा मऊ पडते, तर येथे पोटावर ठेवलेल्या हाताला गर्भाशय लाकडासारखे कडक लागते, ते सैल पडत नाही आणि नुसत्या स्पर्शानेही वेदना होते. बाळाची हालचाल मंदावते किंवा थांबते. बाहेर आलेले रक्त मात्र फसवे असते, कारण बरेचसे रक्त वारेमागेच अडकून राहू शकते. शिवाय गरोदरपणात शरीरातील रक्ताचे प्रमाण वाढलेले असल्याने मोठा रक्तस्राव होऊनही रक्तदाब काही काळ टिकून राहतो. म्हणून जाणकार परिचारिका कपड्यावरील डागापेक्षा वाढत जाणाऱ्या नाडीवर आणि पोटाच्या कडकपणावर अधिक विश्वास ठेवते, आणि ते योग्यच आहे. सोनोग्राफीत काही आढळले नाही तरी निर्धास्त होता येत नाही, कारण ताजी गुठळी वारेसारखीच दिसते.

वार जितकी सुटते तितका बाळाचा प्राणवायू तुटतो. ती निम्म्याहून अधिक सुटल्यास बाळ दगावण्याची शक्यता फार वाढते. आईच्या बाबतीत दुसरे संकट असे की, रक्त गोठवणारे घटक झपाट्याने संपू लागतात. ते ओळखण्याची एक साधी चाचणी अशी : स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन ती मुठीत उबदार धरतात, ७ मिनिटांत पक्की गुठळी झाली नाही, किंवा झालेली गुठळी सहज फुटली, तर रक्त गोठण्याची क्रिया बिघडली आहे असे समजतात. अशा वेळी प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट न पाहता रक्त मागवले जाते.

सुटलेली वार पुन्हा चिकटवता येत नाही. त्यामुळे गंभीर प्रकारात, बाळाचे ठोके बिघडलेले असून प्रसूती लगेच होण्याजोगी नसल्यास, तातडीने सिझेरियन करतात. बाळ आधीच गेले असेल आणि आईची प्रकृती स्थिर असेल, तर बहुधा नैसर्गिक प्रसूतीच इष्ट ठरते. म्हणूनच पोट कडक होऊन दुखते आहे आणि रक्त जाते आहे असे दिसताच, वेदना थांबण्याची वाट न पाहता, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून रक्त व शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे लागते. बाळंतपण झाल्यावरही धोका लगेच टळत नाही, कारण स्नायूंमध्ये रक्त झिरपलेले गर्भाशय नीट आकुंचन पावत नाही आणि रक्तस्राव पुन्हा उसळू शकतो.