पाटल्या कुणाच्या?

मुलीच्या लग्नात चार तोळ्यांच्या पाटल्या करायच्या की तेवढ्याच वजनाचा खड्यांचा हार? सराफाकडे हा प्रश्न निघाला, की मुलीची आई बहुधा पाटल्यांवर अडून बसते. नवरी हारात जास्त खुलून दिसेल, हे तिलाही कळते. पण दागिना कधीतरी मोडावा लागतो, तेव्हा काय हाती येते, हे तिने आपल्या संसारात पाहिलेले असते.

हिशेबाच्या सोयीसाठी 22 कॅरेटचा भाव दहा ग्रॅमला एक लाख धरू. 40 ग्रॅमच्या पाटल्यांचे सोने चार लाखांचे. दहा टक्के घडणावळ आणि वर 3 टक्के जीएसटी धरून बिल 4,53,200 रुपये. मोडताना घडणावळ आणि कर गेले, थोडी घटही कापली जाईल, पण सोन्याचे पैसे सुटतात. हारात आठ ग्रॅम खडे असतील तर सोन्याचा भाव 32 ग्रॅमलाच मिळतो, आणि साध्या खड्यांचे कुणी काही देत नाही. तारण ठेवतानाही खड्यांचे वजन वजा होते.

शेतकरी घरात जमीन बहुतेक वेळा पुरुषाच्या नावावर असते. बाईची स्वतःची म्हणावी अशी मालमत्ता म्हणजे अंगावरचे सोने. पेरणीच्या तोंडावर पाटल्या गहाण पडतात, बियाणे-खत येते. मग पीक विकून आलेल्या पैशातून आधी पाटल्या सोडवायच्या, हे घरात ठरलेले असते. तोवर नवा फ्रीज थांबतो, मोबाइलही थांबतो. पीक बुडाले तर व्याज चढत जाते आणि पाटल्या लिलावात निघतात. कर्ज घरासाठी काढलेले, पण तेव्हा जाते ते तिचे सोने.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. स्त्रीधनावर पूर्ण हक्क पत्नीचा, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये प्रतिभा राणी खटल्यात सांगितले. केरळमधल्या एका प्रकरणात माहेरच्या 89 पवन सोन्यातून नवऱ्याने आणि सासूने आपली देणी फेडल्याची पत्नीची तक्रार होती. अडचणीत नवरा हे सोने वापरू शकतो, पण ते परत करणे त्याचे कर्तव्य आहे, असे सांगून न्यायालयाने तिला 25 लाख रुपये द्यायला लावले. लग्न 2003 चे, निकाल 2024 चा. सोने दिले होते हेच सिद्ध करण्यात अशा खटल्यांची वर्षे जातात. लग्नघरात याद्या होतात त्या मानपानाच्या. दागिन्यांची वजने कुणी लिहून ठेवत नाही.

म्हणून मुलीच्या आईवडिलांना एक विनंती. दागिन्याचे पक्के बिल मुलीच्याच नावावर करा, त्यावर वजन आणि हॉलमार्कचा क्रमांक लिहून घ्या. दागिन्यांच्या यादीवर दोन्हीकडच्यांच्या सह्या घ्या, आणि मूळ बिले मुलीच्याच हाती द्या.