नाकाशी चाक, डोळा वेगळा

लहान गटातल्या मुलांसमोर बाई तीन चित्रं मांडतात: नाक, डोळा आणि चाक. प्रत्येकाचं नाव मोठ्यानं घेतात आणि विचारतात, “यातला कोणता शब्द ऐकायला वेगळा वाटतो?” चार वर्षांची बरीच मुलं ठामपणे सांगतात, “चाक! ते गाडीला असतं.” अर्थाच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे, पण बाईंना अपेक्षित उत्तर आहे ‘डोळा’.

या उत्तरातून बाईंना नेमकं कळतं की मूल अजून वस्तूकडे बघतंय, शब्दाचा आवाज ऐकत नाही. अशा वेळी ‘चूक’ म्हणून पुढे जाण्यात काही हशील नाही. चित्रं पालथी घालायची आणि शब्द लांबवून म्हणायचे: नाऽऽक, चाऽऽक, डोळाऽऽ. चित्र नजरेआड झालं की कान कामाला लागतात. तीनच शब्द घ्यावेत, कारण जास्त झाले तर मूल आधीचे विसरतं आणि आपण त्याचं ऐकणं नव्हे, स्मरणशक्ती तपासत बसतो.

वेगळा शब्द ओळखता आला की मग मुलानं स्वतः शब्द जुळवायचा. बाई ‘चूल’ म्हणतात. कुणी ‘फूल’ म्हणतं, कुणी ‘मूल’, आणि एखादं बिनधास्त ‘टूल’ किंवा ‘घूल’ म्हणतं. ‘घूल’ नावाचं काही नसतं, तरी ते उत्तर पूर्ण गुण मिळवणारं आहे. उलट त्यातूनच खात्री पटते की मुलानं पाठ केलेलं म्हटलं नाही, आवाज पकडला. ‘तवा’ म्हणणारं मूल मात्र अजून स्वयंपाकघरातच आहे.

वर्ग एका सुरात ओरडतो तेव्हा शेजाऱ्याच्या मागोमाग म्हणणारी मुलं लपून जातात. म्हणून अधूनमधून एकेकाला जवळ बसवून विचारावं लागतं. वारंवार खेळूनही एखाद्याला काहीच जुळत नसेल आणि एरवीही ते ‘काय?’ विचारत असेल, तर त्याचे कान तपासून घ्यायला हवेत. सर्दीनंही काही दिवस ऐकू कमी येतं.

या खेळांचा वाचनाशी संबंध ऑक्सफर्डच्या लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी तपासला. चार-पाच वर्षांच्या सुमारे 400 मुलांना त्यांनी असेच ‘वेगळा शब्द ओळखा’ प्रश्न विचारले. ज्यांचे कान तयार होते, ती पुढे वाचनात सरस ठरली. यात कच्च्या असलेल्या 65 मुलांचे गट करून दोन वर्षं वेगवेगळा सराव दिला. 1983 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत सर्वांत पुढे होती ती आवाजांच्या खेळाबरोबर प्लास्टिकची अक्षरंही हाताळलेली मुलं.

म्हणजे यमकावरच थांबून चालत नाही. पुढची पायरी शब्दाच्या सुरुवातीची: नाक, नळ, चाक. इथे ‘चाक’ वेगळं, हे मुलानं न अडखळता सांगितलं की ‘न’ची पाटी समोर ठेवायला हरकत नाही.