चार अक्षरं आत, आठ बाहेर

नाडीशोधन शिकवताना बाई आकडे मोजत नाहीत, स्वतः रचलेलं पद्य म्हणतात, असं ऐकलं म्हणून दादरच्या नवशिक्यांच्या सकाळच्या वर्गाला गेले. आधी बोटांचं पद्य होतं:

अंगठ्याला उजवी दे,
अनामिकेला दे डावी;
मधली जी दोन बोटे
तळव्यात मिटवावी.

मग श्वासाचं:

डावी आत,
उजवीने हळू जात;
तीच आत,
डावीवाटे सोड शांत.

अक्षरं मोजून पाहिली. घेण्याच्या ओळीत चार, सोडण्याच्या ओळीत आठ. म्हणजे उच्छ्वास श्वासाच्या दुप्पट, हे प्रमाण चालीतच बसवलेलं. बाई सेकंदाला साधारण एक अक्षर म्हणतात; एक आवर्तन चोवीस सेकंदांचं, पाच आवर्तनं दोन मिनिटांत. म्हणायचं बाईंनीच, बाकीच्यांनी मनात. तोंडाने म्हणत श्वास घेणार कसा?

माझं लक्ष मात्र लालबागहून येणाऱ्या एका निवृत्त काकांकडेच जाई. ते डावीने घेत, उजवीने सोडत आणि लगेच बोट बदलून पुन्हा डावीने घेत. हवा प्रत्येक वेळी डावीनेच आत. नवशिके हमखास इथेच चुकतात. छाती भरल्यावर नाकपुडी बदलायची, रिकामी झाल्यावर नाही. ‘तीच आत’मधला ‘तीच’ त्यासाठीच आहे. ज्या नाकपुडीने सोडला तिनेच घ्यावा, हे स्वात्मारामांच्या हठप्रदीपिकेतही श्लोकातच सांगितलंय. काकांसाठी बाईंनी ‘तीच’वर ठेका वाढवला. शेवटचा उच्छ्वास डावीने झाला की आवर्तन बरोबर, ही खूणही दिली.

हठप्रदीपिका काकांनी घरी वाचलेली. “बाई, त्यात तर ऐंशी म्हटलंय!” खरंच म्हटलंय: सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि मध्यरात्री, हळूहळू ऐंशी कुंभकांपर्यंत.

“काका, ऐंशी त्यांना. आपल्याला पाच.”

पुस्तकात श्वास घेणं आणि सोडणं यांच्यामध्ये तो रोखून धरणं आहे. ऐंशी आहेत ती ही रोखणी. बाईंनी कुंभकाची ओळ रचलेलीच नाही. नवशिका श्वास जोर लावून धरतो, मग पुढचा उच्छ्वास एकदम सुटतो आणि आठ अक्षरं चारातच संपतात. काकांचं न धरताही तेच होत होतं. नाकातून सूं सूं आवाज येई, कोपर वर जाई, खांदा कानाला भिडे. बाईंनी त्यांना तीन अक्षरं आत आणि सहा बाहेर असं धरायला सांगितलं, बोट हाडाखालच्या मऊ भागावर नुसतं टेकवायला लावलं. आवाज थांबला. ऐंशीचा हट्ट मला पटला नाही. बाईंची गाळलेली ओळ पटली.

त्या पद्यात सर्दीची सोय नाही. एरवीही दोन्ही नाकपुड्या सारख्या मोकळ्या नसतात; काही तासांनी एक सैलावते, दुसरी आवळते, आणि थोड्या फरकाने अडत नाही. पण एक पार चोंदलीच असेल, तर बाई हात खाली घ्यायला लावतात आणि दोन्ही नाकपुड्यांनी चारात आत, आठात बाहेर करायला सांगतात. बोटांचं पद्य त्या दिवशी रद्द.