चोवीस अक्षरांत मावलेला खेळ

निन्टेन्डोच्या ‘मेट्रॉइड’मध्ये खेळाडू मरण पावला, की पडद्यावर चोवीस अक्षरं उमटत. अमेरिकेतली मुलं लगेच वही ओढून ती उतरवून घेत. त्यात शून्य आणि मोठा O, एक आणि लहान l यांत घोटाळा झाला, तर दुसऱ्या दिवशी खेळ ती अक्षरं नाकारायचा आणि आदल्या दिवशीची सगळी मेहनत वाया जायची.

जपानी मुलांना हा ताप नव्हता. तिथे १९८६ साली हा खेळ फॅमिकॉम यंत्राला जोडायच्या डिस्कवर आला होता आणि डिस्कवर लिहिता येतं. खेळ कुठवर आला त्याची नोंद तिथेच व्हायची. पण डिस्कचं ते उपकरण अमेरिकेत विकलंच गेलं नाही. १९८७मध्ये तोच खेळ तिकडे कार्ट्रिजमध्ये, म्हणजे आपल्याकडची मुलं ज्याला ‘कॅसेट’ म्हणायची त्या प्लास्टिकच्या डबीत, गेला. त्या डबीतल्या चिपवरचं फक्त वाचता येतं. यंत्राच्या स्वतःच्या स्मृतीत लिहिता येतं, पण ती अवघी २ किलोबाइटची आणि बटण बंद केलं की कोरी.

यावर उपाय होता. डबीत आणखी एक स्मृतीची चिप आणि ती जागी ठेवायला नाण्याएवढी बॅटरी बसवायची. त्याच वर्षी अमेरिकेत आलेल्या ‘झेल्डा’ने तेच केलं. मात्र प्रत्येक डबीमागे चिप आणि बॅटरीचा खर्च वाढतो. कागद-पेन्सिल खेळाडूच्या घरचीच असते! म्हणून ‘मेट्रॉइड’मध्ये नोंद ठेवायचं काम खेळाडूकडे आलं.

आता एवढा मोठा खेळ चोवीस अक्षरांत बसतो कसा? मुळात नोंदवायचं असतं फार थोडं. अमुक ठिकाणची वस्तू उचलली का, अमुक लाल दार उघडलं का, यांची उत्तरं ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढीच. अशा एका उत्तराला एक बिट पुरतो: १ किंवा ०. क्षेपणास्त्रं किती उरली यासाठी आठ बिट, म्हणजे एक बाइट, खर्च होतो. सगळं मिळून १६ बाइट.

पासवर्डची लिपी ६४ चिन्हांची आहे: दहा अंक, सव्वीस मोठी अक्षरं, सव्वीस लहान, प्रश्नचिन्ह आणि आडवी रेघ. चौसष्टांपैकी एक चिन्ह म्हणजे नेमके सहा बिट. शून्यापासून मोजलं तर J चा क्रमांक १९, म्हणजे 010011. रेघेचा ६३, म्हणजे 111111. चोवीस चिन्हांचे १४४ बिट, अर्थात १८ बाइट होतात. नोंदीचे सोळा वजा जाता दोन उरतात आणि खरी गंमत त्या दोनांत आहे.

त्यातला पहिला बाइट सांगतो, की नोंदीचे बिट माळेतल्या मण्यांसारखे किती घरं सरकवले आहेत. त्यामुळे प्रगती तीच असली तरी पासवर्ड वेगळा दिसू शकतो. दुसरा बाइट म्हणजे पडताळा. सरकवण्यापूर्वीचे सोळा बाइट आणि सरकवण्याचा आकडा यांची बेरीज करायची, तिला २५६ने भागायचं आणि बाकी शेवटी लिहून ठेवायची. पासवर्ड टाकला की खेळ बिट जागेवर आणतो आणि हीच बेरीज पुन्हा करतो. बाकी जुळली नाही, तर कुठेतरी चूक आहे एवढं त्याला कळतं. कुठे, ते कळत नाही.

हा पहारा कडक नाही. मनाला येईल ते टाकलं तरी साधारण दर २५६ प्रयत्नांत एकदा बाकी जुळणारच. JUSTIN BAILEY आणि पुढे बारा रेघा हा प्रसिद्ध पासवर्ड याच फटीतून शिरतो. त्यातले बिट जागेवर आणले, की सोळा बाइटची बेरीज ३०७२ येते, म्हणजे २५६ची बरोबर बारापट. सरकवण्याचा आकडा २५५. तो मिळवून भागलं की बाकी २५५ उरते आणि शेवटच्या रेघांनीही २५५च लिहिलेलं असतं. दार उघडतं! नायिका सॅमस चिलखताशिवाय, बऱ्याच शस्त्रांसह नॉरफेअर भागात उभी राहते. हा जस्टिन बेली कोण, यावर खेळाडूंनी पुष्कळ तर्क लढवले. खेळाच्या प्रोग्रॅममध्ये मात्र त्याच्यासाठी कुठलीही खास सोय नाही. त्याची बेरीज जुळते, एवढंच.

पासवर्डात काय नाही, हेही खेळाडूंना सोसावं लागे. सॅमसची त्या क्षणीची शक्ती त्यात नसते. भरल्या टाक्यांनिशी खेळ थांबवला तरी परतल्यावर ती ३०वरच सुरू होते आणि पुढची काही मिनिटं किरकोळ शत्रू मारून शक्ती गोळा करण्यात जातात.

निर्मात्यांनी मुद्दाम ठेवलेला पासवर्ड वेगळाच आहे. NARPASSWORD आणि पुढे शून्यं टाकली, की प्रोग्रॅम बेरजेच्या वाटेला जातच नाही. तो ही अक्षरं थेट ओळखतो आणि सॅमसला न संपणारी शक्ती आणि क्षेपणास्त्रं देऊन टाकतो.