आई-बाबांसाठी : ‘न्यू जीवन आनंद’मध्ये पैसे दोनदा मिळतात

नेरुळ-वाशीतल्या अनेक घरांत कपाटात एलआयसीच्या ‘न्यू जीवन आनंद’चा बाँड असतो. समजा, विमा रक्कम ५ लाख आणि मुदत २० वर्षे. बोनस दर हजारी ४० रुपये धरला (हा फक्त हिशेबासाठी), तर वर्षाला २० हजार जमा होतात. या बोनसवर पुढे बोनस मिळत नाही, म्हणून २० वर्षांचे सरळ ४ लाख. मुदत संपल्यावर हातात येतात ५ अधिक ४, म्हणजे ९ लाख. अंतिम बोनस जाहीर झालाच, तर तो वेगळा. बोनसचा दर दरवर्षी ठरतो, त्याची आधी हमी नसते.

मुदतीतच मृत्यू झाला, तर वारसाला साधारणपणे विमा रकमेच्या सव्वापट, इथे सव्वासहा लाख, आणि तोवरचा बोनस मिळतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. ९ लाख मिळाले म्हणजे पॉलिसी संपली, असे समजू नका. सगळे हप्ते भरलेले असतील, तर पुढे एकही हप्ता न भरता ५ लाखांचे संरक्षण आयुष्यभर राहते. मुलांना हे ठाऊकच नसेल, तर दावा कोण करणार? मॅच्युरिटीनंतर पॉलिसीची कागदपत्रे जपून ठेवा, क्रमांक मुलांना लिहून द्या. नॉमिनी म्हणून नाव असलेला जोडीदार हयात नसेल, तर शाखेत जाऊन नवे नाव आत्ताच नोंदवा.