राजाचे अभय आणि राजकृत्याचे अभय

१९६० च्या फेब्रुवारी महिन्यात सोव्हिएत संघाचे पंतप्रधान निकिता ख्रुश्चेव्ह भिलाईचा पोलाद कारखाना पाहावयास आले होते. कारखान्याच्या उभारणीसाठी आलेले शेकडो सोव्हिएत अभियंते व अधिकारी त्या वेळी तेथेच वस्ती करून होते. कल्पना करावी की, त्या दिवसांत शेजारच्या दुर्ग येथील न्यायालयात कोणी दोन फिर्यादी गुदरल्या असत्या. एक पाहुण्या पंतप्रधानांवर आणि दुसरी एखाद्या सोव्हिएत अधिकाऱ्यावर. पहिली फिर्याद कशाबद्दल आहे हे न पाहताच ती परत करावी लागली असती. दुसरीच्या बाबतीत मात्र न्यायाधीशाला एक प्रश्न विचारणे भाग होते : ज्या गोष्टीची ही तक्रार आहे, ती या गृहस्थाने स्वतःसाठी केली की आपल्या सरकारच्या वतीने? बाजारातील उधारी बुडविली असेल, तर तो त्याचा खाजगी व्यवहार; सरकारच्या आज्ञेवरून एखाद्या कागदावर सही केली असेल, तर ते त्याच्या सरकारचे कृत्य.

एका राष्ट्राच्या न्यायालयाने दुसऱ्या राष्ट्राच्या पुरुषावर खटला चालवू नये, या नियमाला कायद्याच्या परिभाषेत उन्मुक्ती म्हणतात. साध्या भाषेत त्याला अभय म्हणावे. या अभयाचे दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार माणूस कोण आहे हे पाहतो, दुसरा त्याने काय केले हे पाहतो. पहिल्याला व्यक्तीचे अभय म्हणता येईल, दुसऱ्याला कृत्याचे अभय. नाव एकच असल्यामुळे त्यांची गल्लत होते, आणि घोर अत्याचारांच्या खटल्यांत सारा वाद या गल्लतीभोवतीच फिरतो.

व्यक्तीच्या अभयाचे एक ठळक उदाहरण मराठी राजघराण्यातच घडले आहे. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांना लंडनच्या न्यायालयात एका घटस्फोटाच्या दाव्यात गोवण्यात आले. स्टॅथम नावाच्या गृहस्थाने पत्नीविरुद्ध दावा लावला आणि तिच्या व्यभिचारातील भागीदार म्हणून महाराजांचे नाव घातले. आरोप सर्वस्वी खाजगी स्वरूपाचा होता. राज्यकारभाराशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. महाराजांच्या वतीने एवढेच सांगण्यात आले की, ते सत्तारूढ राजे आहेत, म्हणून त्यांचे नाव दाव्यातून काढावे. न्यायमूर्ती बारग्रेव्ह डीन यांनी इंडिया ऑफिसचे पत्र प्रमाण मानले. बडोदे ब्रिटिश अधिसत्तेखाली असले तरी त्याचा राजा आपल्या मुलखावर राज्य करतो, असा त्या पत्राचा आशय होता. तेवढ्यावर महाराजांचे नाव वगळण्यात आले. हा निर्णय १९१२ च्या निकालसंग्रहात नोंदलेला आहे.

न्यायमूर्तींनी महाराजांना निर्दोष ठरविले नाही, की दोषीही ठरविले नाही. आरोपाची शहानिशाच झाली नाही. अभय म्हणजे निर्दोषतेचा दाखला नव्हे, ते केवळ न्यायालयाच्या दारावरचे कुलूप आहे. आणि ते कुलूप गादीवर असेपर्यंतच टिकते. महाराजांनी मध्येच गादी सोडली असती, तर त्याच खाजगी आरोपाचा दावा पुन्हा उभा राहण्यास या नियमाची आडकाठी उरली नसती.

हे अभय सार्वभौम राष्ट्रांच्या समानतेतून जन्मते : समानाने समानाचा न्याय करू नये. जेथे ती समानता मानली गेली नाही, तेथे ते अभयही मिळाले नाही. सयाजीरावांच्या आधी त्याच गादीवर असलेल्या मल्हारराव गायकवाडांवर रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोग करविल्याचा आरोप आला, आणि १८७५ साली हिंदुस्थान सरकारने त्यांच्या चौकशीसाठी सहा जणांचे मंडळ नेमले. तीन इंग्रज सभासदांनी दोष मानला, तीन हिंदी सभासदांनी मानला नाही; तरीही मल्हाररावांना पदच्युत करून मद्रासला पाठविण्यात आले. लंडनचा न्यायाधीश ज्या गादीचा मान राखतो, त्याच गादीला कलकत्त्याचे सरकार आपल्यापुढे उभे करू शकत होते.

आता दुसरा प्रकार, कृत्याचे अभय. ते राजापासून शिपायापर्यंत सरकारच्या वतीने वागणाऱ्या कोणालाही मिळू शकते. परंतु सरकारी कामापुरतेच. उलट पद गेले तरी ते जात नाही, कारण कृत्य मुळात राष्ट्राचे मानलेले असते आणि राष्ट्र निवृत्त होत नाही. भारताला याचा प्रत्यय केरळच्या किनाऱ्यावरील प्रकरणात आला. १५ फेब्रुवारी २०१२ रोजी 'एन्रिका लेक्सी' या इटालियन जहाजाच्या रक्षणास नेमलेल्या दोन नौसैनिकांनी गोळीबार केला आणि दोन भारतीय मच्छीमार मृत्युमुखी पडले. २ जुलै २०२० रोजी जाहीर झालेल्या निवाड्यात आंतरराष्ट्रीय लवादाने तीन विरुद्ध दोन अशा मतांनी ठरविले की, नौसैनिक इटलीचे अधिकारी म्हणून वागत होते, सबब भारताने त्यांच्यावर फौजदारी खटला चालवू नये. मात्र इटलीने भरपाई द्यावी. दहा कोटी रुपये जमा झाल्यावर सर्वोच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये येथील कारवाई संपविली. माणूस सुटला, जबाबदारी राष्ट्राकडे गेली. कृत्याच्या अभयाचा हाच हिशेब आहे.

पण हाच हिशेब अत्याचारांपाशी येऊन अडखळतो. एखाद्या सरकारनेच छळाचा हुकूम सोडला, तर त्यालाही सरकारी काम म्हणून अभय द्यावयाचे काय? हा प्रश्न चिलीचे माजी सत्ताधीश जनरल पिनोशे यांच्या प्रकरणात ऐरणीवर आला. १६ ऑक्टोबर १९९८ रोजी, स्पेनमधील न्यायाधीशाच्या मागणीवरून, त्यांना लंडनच्या रुग्णालयात अटक झाली. १९९० मध्ये त्यांची अध्यक्षपदाची कारकीर्द संपली होती, म्हणून व्यक्तीचे अभय उरले नव्हते. प्रश्न होता तो कृत्याच्या अभयाचा. २४ मार्च १९९९ रोजी ब्रिटनच्या उमराव सभेच्या सात न्यायाधीशांपैकी सहांनी निर्णय दिला की, छळाच्या आरोपापुरते ते अभय त्यांना नाही.

त्यांच्या युक्तिवादाचा गाभा समजण्यास अवघड नाही. छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय कराराची व्याख्याच अशी आहे की, छळ हा अधिकारपदावरील माणसाने किंवा त्याच्या संमतीने केलेला असतो. मग अशा प्रत्येक माणसाला सरकारी काम म्हणून सोडून दिले, तर करारात शिक्षा करण्यास कोणी उरतच नाही. चिली, स्पेन आणि ब्रिटन या तिन्ही राष्ट्रांनी करार स्वीकारला, त्याच वेळी त्यांनी या बचावाचा त्याग केला असे मानणे क्रमप्राप्त होते. पण याच युक्तिवादाने निर्णयाला मर्यादाही घातली. ब्रिटनने डिसेंबर १९८८ मध्ये करारास मान्यता दिली. त्यापूर्वीच्या कृत्यांचे बहुतेक आरोप गळून पडले. अखेर प्रकृतीच्या कारणावरून पिनोशे मार्च २००० मध्ये मायदेशी परतले.

या निर्णयाने राष्ट्रप्रमुखांचे अभय संपले, असा समज पसरला. तो चुकीचा आहे, हे तीनच वर्षांत दिसून आले. बेल्जियमच्या एका न्यायाधीशाने काँगोचे विद्यमान परराष्ट्रमंत्री येरोदिया यांच्यावर मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांबद्दल वॉरंट काढले होते. १४ फेब्रुवारी २००२ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सांगितले की, परराष्ट्रमंत्री पदावर असेपर्यंत दुसऱ्या राष्ट्राच्या न्यायालयापुढे त्याला पूर्ण अभय आहे, आरोप कितीही भयंकर असो. मात्र त्याच्या स्वतःच्या देशाचे न्यायालय, त्याच्या सरकारने स्वखुशीने सोडलेले अभय, पद सुटल्यानंतरचा काळ आणि अधिकार असलेले आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय, हे चार मार्ग मोकळे आहेत, असेही त्या न्यायालयाने म्हटले.

म्हणजे घोर गुन्ह्यांचा अपवाद पहिल्या अभयाला छेदीत नाही. तो दुसऱ्यालाच छेदतो. आणि तोही सर्वमान्य झालेला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगाने २०१७ मध्ये वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे, वर्णविद्वेषी राजवट, छळ आणि माणसे बेपत्ता करणे या सहा गुन्ह्यांना कृत्याचे अभय लागू नसावे, असा मसुदा मंजूर केला. पण तो एकमताने नव्हे, तर मतदानाने : एकवीस अनुकूल, आठ प्रतिकूल, एक तटस्थ. प्रतिकूलांत भारतातून निवडून गेलेले सभासद अनिरुद्ध राजपूत हेही होते. प्रतिकूल सभासदांचा मुख्य आक्षेप असा होता की, राष्ट्रांचे प्रत्यक्ष वर्तन अजून या नियमास पुरेसा आधार देत नाही.

सुदानचे अध्यक्ष ओमर अल्-बशीर यांच्या आयुष्यात ही सारी कुलपे एकापाठोपाठ दिसतात. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २००९ व २०१० मध्ये त्यांच्यावर वॉरंटे काढली. दुसऱ्यात वंशसंहाराचा आरोप होता. तरीही ऑक्टोबर २०१५ मध्ये ते भारत-आफ्रिका परिषदेसाठी नवी दिल्लीस आले आणि सुखरूप परत गेले. भारत त्या न्यायालयाच्या करारात सामील नाही. आणि भारतीय न्यायालयाच्या दृष्टीने ते विद्यमान राष्ट्रप्रमुख होते. एप्रिल २०१९ मध्ये त्यांची सत्ता गेली, तसे पहिले अभयही गेले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सुदानच्याच न्यायालयाने त्यांना भ्रष्टाचाराबद्दल शिक्षा दिली. परक्या न्यायालयापुढचे अभय स्वदेशात कामास येत नाही.

म्हणून एखाद्या परकीय सत्ताधीशावर खटला का होत नाही, असा प्रश्न जेव्हा पडेल, तेव्हा आरोपाच्या भीषणतेकडे पाहण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात : न्यायालय कोणाचे आहे, आणि तो मनुष्य आज पदावर आहे की नाही. सयाजीरावांच्या दाव्यात न्यायमूर्तींनीही याहून अधिक काही पाहिले नव्हते. तो पदावर असेल आणि न्यायालय परक्या राष्ट्राचे असेल, तर दार बंदच राहते. तो पदावरून उतरला की मगच त्याने काय केले हा प्रश्न त्या दाराशी उभा राहतो, आणि अत्याचार सोसलेल्यांची साक्ष ऐकली जाण्याची वाट तेथून सुरू होते.