पत्रात सहा लाख, हातात 36,800

नोकरीच्या ऑफर लेटरमधलं सर्वांत जास्त वाचलं जाणारं वाक्य एका ओळीचं असतं: ‘आपलं वार्षिक सीटीसी 6,00,000 रुपये राहील, त्यात व्हेरिएबल पे आणि सर्व वैधानिक लाभ समाविष्ट आहेत.’ पत्र मिळालेला मुलगा सहा लाखांना बाराने भागतो, महिना 50,000 काढतो आणि घरभाड्याचा, कर्जाच्या हप्त्याचा विचार सुरू करतो. पहिला पगार जमा होतो तो 36,800. खोटं कोणी बोललेलं नसतं. पत्रात दोघांनी दोन वेगळे आकडे वाचलेले असतात, आणि पत्रानेच तशी मोकळीक ठेवलेली असते.

ही तफावत कुठून येते ते पाहण्यासाठी चाकणच्या एखाद्या सुट्या भागांच्या कारखान्यातलं पत्र डोळ्यांसमोर आणू. उदाहरण रचलेलं आहे, पण यातली वाक्यं अनेक पत्रांत जशीच्या तशी सापडतील. महिन्याच्या 50,000 पैकी 5,000 हा व्हेरिएबल पे, म्हणजे वर्षाच्या कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम. कंपनीचा पीएफचा वाटा बेसिकच्या 12 टक्के. बेसिक 25,000 असल्याने 3,000. ग्रॅच्युइटीची तरतूद साधारण 1,202 आणि गटविम्याचा हप्ता 798. हे सगळे मिळून 10,000 वजा झाले की उरतो 40,000 एकूण मासिक पगार: बेसिक 25,000, घरभाडे भत्ता 10,000, प्रवासभत्ता 5,000. त्यातून कर्मचाऱ्याचा स्वतःचा पीएफ 3,000 आणि महाराष्ट्राचा व्यवसाय कर 200 कापला जातो. राहिले 36,800. फेब्रुवारीत व्यवसाय कर 300 असतो, म्हणून त्या महिन्यात 36,700.

यातल्या ग्रॅच्युइटीकडे नीट पाहायला हवं. सीटीसीत ती दरमहा मोजली जाते, पण कायम कर्मचाऱ्याला ती सर्वसाधारणपणे सलग पाच वर्षं नोकरी केल्यावरच मिळते. तीन वर्षांत नोकरी सोडणाऱ्याच्या सीटीसीत ती दिसली, हातात मात्र कधीच आली नाही. ती सीटीसीत धरणं नियमबाह्य नाही, पण केव्हा मिळेल हे न सांगणं उमेदवारावर अन्याय करणारं आहे.

पीएफचंही असंच. काही कंपन्या पूर्ण बेसिकवर पीएफ कापतात, काही 15,000 रुपयांच्या वैधानिक मर्यादेवर. दुसऱ्या पद्धतीत कपात 3,000 ऐवजी 1,800 होते. ‘पीएफ नियमानुसार’ या दोन शब्दांत दोन्ही पद्धती मावतात, आणि हातातला पगार त्यानुसार बदलतो.

मग ते एका ओळीचं वाक्य नव्याने कसं लिहायचं? असं: ‘एकूण मासिक पगार 40,000 रुपये (बेसिक 25,000, घरभाडे भत्ता 10,000, प्रवासभत्ता 5,000). कर्मचाऱ्याचा पीएफ 3,000 आणि व्यवसाय कर 200 वजा जाता दरमहा 36,800 रुपये बँकेत जमा होतील, फेब्रुवारीत 36,700. याशिवाय कंपनी पूर्ण बेसिकवर पीएफचा आपला वाटा 3,000 दरमहा भरेल. ग्रॅच्युइटी कायद्याने ठरलेली सेवा पूर्ण झाल्यावरच देय असेल. पगार पुढील महिन्याच्या 7 तारखेपर्यंत जमा होईल.’ सीटीसीचा आकडा हवा तर शेवटी द्यावा. लिहिल्यावर एक सोपी परीक्षा घ्यावी: पत्राची एक प्रत हिशेबनिसाला, एक उमेदवाराला द्यावी आणि दोघांनी वेगवेगळं बसून पहिल्या महिन्याची जमा रक्कम काढावी. दोघांचा आकडा एकच आला नाही, तर पत्र अजून लिहून झालेलं नाही.

व्हेरिएबल पे हा वादाचा दुसरा मोठा उगम. ‘कंपनीच्या व आपल्या कामगिरीनुसार, व्यवस्थापनाच्या विवेकानुसार’ असं लिहिलं की त्या 60,000 ची हमी उरत नाही. चांगल्या पत्रात मोजमाप कशाचं, कोण करणार, किती साध्य झाल्यावर किती मिळणार आणि कधी मिळणार, हे असतं. सर्वांत जास्त विसरला जाणारा प्रश्न मधेच रुजू होणाऱ्याचा आणि मधेच सोडणाऱ्याचा. ऑक्टोबरमध्ये आलेल्या माणसाला मार्चअखेर सहा महिन्यांच्या प्रमाणात 30,000 पर्यंत मिळणार की काहीच नाही? एप्रिलमध्ये राजीनामा दिला आणि रक्कम जूनमध्ये वाटली गेली, तर त्याचा हक्क राहतो का? उत्तर काहीही असो, ते लेखी हवं.

रुजू होण्याच्या अटींत चूक झाली तर किंमत पगारापेक्षा मोठी पडते. कारण उमेदवार या पत्राच्या भरवशावर जुन्या नोकरीचा राजीनामा देतो. नेहमीचं वाक्य असतं: ‘ही ऑफर पार्श्वभूमी तपासणीच्या अधीन आहे.’ तपासणी कधी संपणार ते कुठेच नसतं. जुनी नोकरी सुटली आणि नवी कंपनी ‘तपासणी चालू आहे’ म्हणत राहिली, की मधल्या महिन्यांचा पगार कोणीच देत नाही. त्याऐवजी असं लिहिता येतं: ‘ही ऑफर 10 तारखेपर्यंत स्वीकारावी. स्वीकारल्यापासून 15 दिवसांत कंपनी तपासणीचा निकाल ईमेलने कळवेल. तो कळेपर्यंत उमेदवाराने राजीनामा देऊ नये. निकाल अनुकूल असल्यास राजीनाम्यानंतर 60 दिवसांच्या आत रुजू व्हावं.’ कोणती कागदपत्रं लागणार, त्यांतलं जुन्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर उशिरा आलं तर किती दिवस सवलत, हेही तिथेच असावं. कामाचं ठिकाण ‘भारतात कुठेही’ असं असेल, तर पहिलं ठिकाण आणि बदलीची पूर्वसूचना किती दिवसांची, हे जोडावं.

आता नोटीस पिरियड. ‘दोन्ही बाजूंनी 60 दिवसांची नोटीस अथवा त्याऐवजी पगार’ हे वाक्य पूर्ण वाटतं, पण ‘पगार’ म्हणजे काय? आपल्या उदाहरणात 30 दिवस कमी पडले, तर बेसिकवर हिशेब केला की 25,000 भरावे लागतात, एकूण पगारावर केला की 40,000. एका शब्दामुळे 15,000 चा फरक. प्रोबेशनमधली नोटीस वेगळी असेल तर तीही सांगावी. प्रोबेशनचे सहा महिने संपल्यावर कंपनीने काहीच कळवलं नाही, तर माणूस आपोआप कायम होतो असं गृहीत धरता येत नाही. म्हणून मुदत, ती एकदाच आणि किती वाढवता येईल, आणि पत्र न आल्यास काय समजायचं, हे लिहिलेलं बरं.

आणि सगळ्यांत धोक्याचे चार शब्द: ‘कंपनीच्या धोरणानुसार, वेळोवेळी बदलणाऱ्या.’ या शब्दांनी वर मेहनतीने लिहिलेला प्रत्येक आकडा पुन्हा सैल होतो. धोरणाची तारीख असलेली प्रत पत्रासोबत जोडावी, आणि पत्र व धोरण यांत विसंगती असेल तर पत्र ग्राह्य धरलं जाईल, असं एक वाक्य घालावं.

21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी नियुक्तिपत्र देणं मालकावर बंधनकारक केलं आहे. पण ते हाती येतं रुजू होताना. राजीनामा त्याच्या कितीतरी आधी दिलेला असतो. म्हणून ऑफर लेटर हाती आलं की सही करण्याआधी एचआरला एक साधा ईमेल पाठवा: दरमहा बँकेत किती जमा होईल, व्हेरिएबल मधेच सोडल्यास मिळेल का, तपासणी कोणत्या तारखेपर्यंत संपेल, नोटीसचा पगार कशावर मोजणार. फोनवर मिळालेलं उत्तर पुरत नाही; ते ईमेलवर येईपर्यंत जुन्या नोकरीचा राजीनामा देऊ नका.